बियाण्याच्या पोस्टमध्ये "भरघोस" लिहू नका, "एकरी किती" ते लिहा

बियाणे आणि सेंद्रिय खताचं दुकान टाकायचं म्हणणारी मुलं माझ्याकडे शिकायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो. "सर, व्हॉट्सअॅपवर पोस्ट कशी टाकायची की शेतकरी दुकानात आला पाहिजे?" व्हिडिओत यावर पंधरा मिनिटं बोललो, पण हा विषय दाखवण्यापेक्षा लिहून देण्याचा आहे. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या धंद्यात चांगली पोस्ट ती, जी वाचून शेतकऱ्याला घरी बसून काहीतरी तपासता येतं. बाकीच्या सगळ्या पोस्ट पोस्टर आहेत. पोस्टर भिंतीवर शोभतं, पण त्याने कोणी पाकिटात हात घालत नाही.

लोणार, मेहकर भागातल्या गावांच्या ग्रुपवर मे महिन्यात काय फिरतं ते बघा. वर देवाचा फोटो, खाली सरोवराचा फोटो (सरोवराचं पाणी खारं, त्याने कोणाचं शेत भिजत नाही, तरी प्रत्येक दुकानाच्या पोस्टवर ते असतंच), मध्ये दुकानदाराचा हात जोडलेला फोटो आणि मजकूर असा: "उच्च गुणवत्तेचे, रोगप्रतिकारक, भरघोस उत्पादन देणारे सोयाबीन बियाणे. १०० टक्के उगवणीची हमी. आजच संपर्क साधा." दहा दुकानांच्या दहा पोस्ट एकाखाली एक लावा आणि नावं झाका. कोणती कोणाची ते दुकानदारालाही सांगता येणार नाही.

यातला "१०० टक्के हमी" हा शब्द तर सरळ धोक्याचा आहे. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला सरकारी मानकानुसार किमान उगवण ७० टक्के लागते, आणि पिशवीच्या टॅगवर तोच आकडा छापलेला असतो. म्हणजे कंपनी स्वतः ७० म्हणते आणि आपण तिच्या वतीने १०० म्हणतो. उद्या बियाणे कमी उगवलं तर शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये तुमची पोस्ट जपून ठेवलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयाकडे जाऊ शकतो. आणि २०२० चा खरीप आठवा. त्या वर्षी राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला, पंचनामे झाले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून आमच्या भागातला शेतकरी "हमी" हा शब्द वाचला की पुढचं वाचतच नाही. त्याने दुबार पेरणीचा खर्च उचललेला आहे.

मग लिहायचं काय? मागच्या बॅचमधल्या एका मुलाने मला वरच्यासारखीच पोस्ट करून दाखवली. आम्ही दोघांनी बसून ती पूर्ण पुसली आणि मेच्या पहिल्या आठवड्यासाठी ही लिहिली:

"घरचं सोयाबीन पेरणार आहात? आधी उगवण बघा. खर्च शून्य.
एक बारदाना धुऊन घ्या. ओला करा. त्यावर १०० दाणे ठेवा, १० च्या १० ओळी, दाण्याला दाणा लागू देऊ नका. वरून दुसरा ओला बारदाना टाका. गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी उघडा. चांगला मोड आलेले दाणे मोजा.
७० किंवा जास्त आले: एकरी ३० किलो पेरा.
६० आले: एकरी ३५ किलो पेरा.
६० च्या खाली: ते बियाणे पेरू नका, तेल काढायला द्या.
दाणे वेचून घेऊ नका. पोत्याच्या वरून, मधून, खालून मूठ मूठ घ्या. शंका असली तर गुंडाळी दुकानात घेऊन या, आपण सोबत मोजू."

खाली दुकानाचं नाव, गाव, तारीख. बस.

यातला ३५ किलोचा हिशोब कुठून आला ते समजून घ्या, कारण शेतकरी विचारणार. ३० किलोची शिफारस ७० टक्के उगवण धरून आहे. म्हणजे एकरात २१ किलो दाणा प्रत्यक्ष उगवला पाहिजे. उगवण ६० असेल तर ३५ किलोतून तेवढा दाणा उगवतो. ५० असेल तर ४२ किलो लागेल, आणि कागदावर ते जमतं, पण मी पोस्टमध्ये ते लिहू दिलं नाही. इतकं कमजोर बियाणे बारदान्यात मोड दाखवतं आणि शेतात वरची माती थोडी कडक झाली की ती फोडून वर येत नाही. बारदाना हा दाण्यासाठी पाहुण्याचं घर आहे, शेत तसं नसतं. म्हणून ६० ची रेघ मी ओढली, आणि ती माझी रेघ आहे हे तुम्हाला सांगतोय. तुम्ही तुमच्या भागातल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून ती वर-खाली करा.

आता तो मुलगा मला म्हणाला, "सर, घरचं पेरा असं मीच सांगितलं तर माझी बॅग कोण घेणार?"

रास्त प्रश्न आहे. सोयाबीन हे स्वपरागीभवनाचं पीक आहे. सरळ वाणाचं बियाणे शेतकरी घरचं ठेवून दोन-तीन वर्षं वापरू शकतो, कृषी विभागही दर मे महिन्यात तेच सांगतो. (कपाशीचं तसं नाही. संकरित कपाशीची सरकी घरची लावून चालत नाही, तिथे ही पोस्ट टाकू नका.) म्हणजे तुम्ही नाही सांगितलं तरी ज्याला घरचं पेरायचं तो पेरणारच. तुमच्या हातात एवढंच आहे की तो तपासून पेरतो की न तपासता. ज्याची गुंडाळी उघडल्यावर ४५ दाणे उगवले, तो बॅग घ्यायला कुठे जाईल? ज्याने गुंडाळी करायला सांगितली त्याच्याकडेच. आणि ज्याचे ८० आले, तो बियाण्याला चोळायचं रायझोबियम आणि ट्रायकोडर्मा घ्यायला येईल, ज्यात सेंद्रिय माल विकणाऱ्याचा खरा धंदा आहे. बॅगेवर मार्जिन किती सुटतं ते दुकान चालवणाऱ्याला विचारा.

एक बारीक गोष्ट. पोस्टमध्ये "एकरी एक बॅग" असं कधी लिहू नका. बॅगचं वजन कंपनीप्रमाणे वेगळं असतं. शेतकऱ्याच्या डोक्यात जुनी ३० किलोची बॅग बसलेली आहे. हातात कमी वजनाची आली आणि त्याने एकरभर तीच पेरली तर रोपं विरळ पडतात आणि दोष बियाण्यावर येतो. नेहमी किलो लिहा. "प्रति हेक्टर" तर अजिबात नको. विद्यापीठाच्या पुस्तिकेत हेक्टर असतो, सातबाऱ्यावर हेक्टर असतो, पण धुऱ्यावर उभा राहून कोणी हेक्टर म्हणत नाही. अडीचने भागायचं काम दुकानदाराने करावं, शेतकऱ्यावर टाकू नये.

सोप्या भाषेबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. सोपी भाषा म्हणजे शब्द बाळबोध करणे नाही. आमच्याकडचा शेतकरी सरते, डवरा, वखरपाळी, सोंगणी, कुटार हे शब्द रोज वापरतो आणि कंपनीचा पुण्याहून आलेला अधिकारी ते ऐकून गोंधळतो. म्हणजे अवघड कोणाला काय वाटतं हे बघावं लागतं. "अंकुरण क्षमता" लिहू नका, "उगवण" लिहा. "बीजप्रक्रिया" बऱ्याच जणांना कळते, पण "पेरणीआधी बियाण्याला औषध चोळा" लिहिलं की हात आपोआप कामाला लागतो. "सेंद्रिय कर्ब वाढतो" हे वाचून कोणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही. "ढेकूळ हाताने फुटते, पाऊस उघडला तरी ओल जास्त दिवस टिकते" हे येतं. एका काकांनी आमच्या विद्यार्थ्याला दुकानातच सुनावलं होतं, "भाऊ, ते सूक्ष्म-फिक्ष्म राहू दे. एकराले किती टाकाव लागते अन् कधी, तेवढं सांग." हीच तुमच्या पोस्टची कसोटी धरा.

फक्त मापाच्या बाबतीत सोपेपणाच्या मागे लागू नका. "दोन झाकणं टाका" हे सोपं आहे आणि चुकीचं आहे, कारण प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं. तिथे मिली लिहा आणि दुकानातून मापाचं छोटं भांडं सोबत द्या.

आता सेंद्रिय खताकडे येतो, कारण इथे सगळ्यात जास्त खोटं लिहिलं जातं, आणि बरेचदा लिहिणाऱ्यालाही ते माहीत नसतं. "गांडूळखत वापरा, युरियाला रामराम करा." मी असं लिहिणाऱ्याला कागद-पेन देतो आणि हिशोब करायला लावतो. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे गांडूळखतात नत्र किमान १ टक्का पाहिजे. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात नत्र अर्धा किलो. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण २०.७ किलो. एका युरियाच्या गोणीएवढं नत्र द्यायला गांडूळखताची चाळीसच्या वर पोती लागतील. तुमची पोस्ट वाचून ज्याने दोन पोती टाकली आणि युरिया बंद केला, त्याची कपाशी ऑगस्टमध्ये पिवळी पडणार. मग तो म्हणणार, सेंद्रिय म्हणजे फसवणूक. आणि तो ते एकट्याला नाही, पारावर बसून म्हणणार.

म्हणून गांडूळखताची पोस्ट त्याला जे येतं त्यावर लिहा. ते जमीन भुसभुशीत करतं, ओल धरून ठेवतं, जमिनीतल्या जिवाणूंना खायला देतं, आणि हा फरक एका हंगामात नाही तर दोन-तीन वर्षांत दिसायला लागतो. आम्ही लिहिलेली पोस्ट अशी होती:

"गांडूळखत हे युरियाच्या जागी नाही. एका पोत्यात नत्र अर्धा किलोच्या आसपासच असतं. ते जमिनीसाठी आहे.
पूर्ण शेतात टाकू नका. अर्ध्या एकरात टाका, शेजारचं अर्धं एकर नेहमीसारखं ठेवा. बाकी खत दोन्हीकडे सारखंच.
पावसाने दहा-बारा दिवस दडी मारली की दोन्हीकडे जाऊन बोटाने उकरून बघा. ओल कुठे जास्त आहे?
फरक दिसला तर पुढच्या वर्षी वाढवा. नाही दिसला तर मला येऊन सांगा."

ही पोस्ट बघून त्या मुलाच्या वडिलांनी कपाळाला हात लावला म्हणे. "माल विकायचा का माल पडू द्यायचा?" पण अर्ध्या एकराचा माल घेणं कोणालाही जड जात नाही. पूर्ण शेताची भाषा केली की शेतकरी "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो, आणि ते पुढचं वर्ष कधी येत नाही. हे मी माझ्या काउंटरवर कितीतरी वेळा बघितलंय.

खताच्या पोस्टसोबत पोत्याच्या मागच्या बाजूचा फोटो टाका. पुढच्या बाजूला हिरवं शेत आणि हसणारा शेतकरी असतो. मागच्या बाजूला घटक, वजन, बॅच, उत्पादकाचं नाव-पत्ता असतो. जो विक्रेता मागची बाजू दाखवतो त्याच्याबद्दल लोक वेगळा विचार करतात. आणि ज्या पोत्याच्या मागे काही छापलेलंच नाही ते पोतं दुकानात ठेवूच नका, ते कितीही मार्जिन देत असो. बियाणे आणि खत दोन्ही परवान्याशिवाय विकता येत नाहीत हे तर तुम्हाला माहीत असेलच. परवान्याचा क्रमांक पोस्टच्या खाली टाकायची सवय लावा.

रायझोबियमचं पाकीट विकत असाल तर त्यात जिवंत जिवाणू आहेत ही गोष्ट पोस्टमध्ये आली पाहिजे. बहुतेक शेतकरी त्याला पावडर समजतात आणि ट्रॅक्टरच्या बोनेटवर उन्हात ठेवतात. मग ते पाकीट कामाचं राहत नाही. आम्ही एवढंच लिहिलं: "यात जीव आहे. दह्याच्या विरजणासारखं सांभाळा. उन्हात ठेवू नका, तारीख बघून घ्या. बुरशीचं औषध आधी चोळा, ते सुकू द्या, हे सगळ्यात शेवटी. चोळल्यावर सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. सोयाबीनचं वेगळं, हरभऱ्याचं वेगळं, पाकिटावर पीक वाचा." विरजणाचं उदाहरण घरातल्या बाईला लगेच कळतं, आणि आपल्याकडे बियाण्याला चोळायचं काम बरेचदा तीच करते. चोळताना जोरात रगडू नका हेही लिहा. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, ते फाटलं की उगवण गेली. याच कारणासाठी दुकानातल्या हमालालाही सांगा की बियाण्याची बॅग वरून आपटायची नाही. टॅगवरचे ७० टक्के तुमच्याच गोदामात ६० होऊ शकतात.

या पाकिटाची दुसरी पोस्ट जुलैच्या शेवटी टाकायची, आणि ती माझी सगळ्यात आवडती आहे. पेरणीला ३५-४० दिवस झाले की सोयाबीनचं एक झाड मुळासकट अलगद खणून काढायला सांगा. उपटायचं नाही, गाठी मातीतच तुटतात. मुळावरची गाठ नखाने फोडायची. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती काम करतेय, हवेतलं नत्र झाडाला देतेय. आतून पांढरी किंवा हिरवट असली तर काम करत नाही. "गाठ फोडा, फोटो पाठवा" एवढं लिहायचं. विक्री झाल्यावर दीड महिन्याने त्याच मालाबद्दल विचारणारा दुकानदार त्याने आयुष्यात बघितलेला नसतो. आलेले सगळे फोटो चांगले नसणार, काहींच्या गाठी पांढऱ्या निघणार. तेही ग्रुपवर राहू द्या, आणि त्या शेतकऱ्याला फोन करून विचारा, पाकीट कुठे ठेवलं होतं, औषधात मिसळलं होतं का.

पेरणीच्या पावसाच्या पोस्टवर तारीख आणि गाव दोन्ही पाहिजेच. आपला तालुका लहान दिसतो, पण सुलतानपूरला धो-धो पडतो आणि बिबीकडे धूळ उडत असते. "पेरणीला सुरुवात करा" अशी पोस्ट तुम्ही टाकली, ती फिरत फिरत पाऊस न झालेल्या गावात गेली, तर तिथला माणूस कोरड्यात पेरून बसेल. खरं तर "पेरा" असं लिहायचंच नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये ही शिफारस आहे, पण शेतकऱ्याच्या घरी पर्जन्यमापक नसतो. "मृगाच्या पहिल्या पावसाला भुलू नका. शेतात जा, वीतभर खोल उकरा, खालपर्यंत ओल लागली तरच तिफण काढा. बी दीड इंचापेक्षा खोल टाकू नका." हे कुठेही फिरलं तरी कोणाचं नुकसान होत नाही. ते प्रत्येकजण आपापल्या शेतात तपासतो.

फोटोवर बारीक अक्षरात सगळं कोंबू नका. आमच्याकडे अजून बऱ्याच जणांच्या मोबाईलची काच फुटलेली असते आणि चष्मा घरी राहिलेला असतो. फोटोवर चार-पाच शब्द, बाकी खाली मजकूर, आणि तोच मजकूर तुमच्या आवाजात एक मिनिटात बोलून टाका. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे ते आवाज ऐकतात, आणि तो घरातल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जातो. पेरायचं कधी हे अजून बऱ्याच घरात तोच ठरवतो. बोलताना टीव्हीवरच्यासारखं बोलू नका, काउंटरवर बोलता तसं बोला.

शेवटची पोस्ट कोणी टाकत नाही, आणि तीच टाकायला पाहिजे. बियाण्याचा हंगाम सुरू व्हायच्या दिवशी:

"कोणाकडूनही बियाणे घ्या, पक्कं बिल घ्या. बिलावर वाण आणि लॉट नंबर बघा. पिशवी खालच्या बाजूने फोडा म्हणजे टॅग शाबूत राहतो. पिशवी, टॅग, बिल आणि मूठभर बियाणे पीक घरी येईपर्यंत जपा. उगवलं नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तालुक्याची समिती शेतात येऊन पंचनामा करते. रान मोडून दुबार पेरायच्या आधी द्या, नंतर बघायला काही उरत नाही."

आमच्या मुलाने ही पोस्ट टाकली तेव्हा बाजूच्या दुकानदाराने त्याला फोन करून विचारलं, "तू आपल्याच लोकांना तक्रार करायला शिकवतोस का?" त्याने उत्तर दिलं, "काका, बिल माझ्याकडचं पक्कं आहे, मला कशाची भीती?" त्या आठवड्यात दुसऱ्या दुकानातून कच्च्या चिठ्ठीवर बियाणे घेतलेले दोन जण ती पोस्ट दाखवत त्याच्याकडे आले. बियाणे तर त्यांनी आधीच घेतलं होतं. रायझोबियमची पाकिटं घेऊन गेले, आणि पक्कं बिल मागून घेतलं.